वर्गात न बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर कृतिसंशोधन: विषय कसा शोधावा आणि शेवटपर्यंत कसा न्यावा

बी.एड. किंवा डी.एल.एड.च्या कृतिसंशोधनासाठी ‘अबोल विद्यार्थ्यांचा वर्गातील सहभाग वाढविणे’ हा विषय पुष्कळ छात्राध्यापक घेतात, आणि त्यांतील बरेच अहवाल एकाच ठिकाणी लंगडे पडतात. वर्गात नेमके कोण बोलत नाही, हे मोजण्याच्या आधीच उपाय ठरलेला असतो. गटचर्चा घ्यायची, खेळ घ्यायचा, शाबासकीचे तारे द्यायचे असे मनात पक्के झालेले असते आणि मग त्या उपायाला शोभेल अशी समस्या लिहिली जाते. या लेखात उलटा क्रम धरला आहे. आधी मोजणी, मग कारणांची विभागणी, त्यातून विषय आणि विषयातून एकच कृती असा तो क्रम आहे. सोबत इयत्ता आठवीच्या विज्ञानाच्या एका वर्गाचे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवले आहे. त्यातील आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत. पद्धत मात्र कोणत्याही तुकडीला लावता येईल अशी आहे.

वेळेचा अंदाज आधी घ्यावा. इंटर्नशिप सोळा आठवड्यांची असली, तरी घटक चाचणी, सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि स्नेहसंमेलनाची तालीम वजा केली, तर सलग मिळणारे आठवडे आठाच्या वर क्वचितच जातात. त्यांपैकी दोन आठवडे मोजणी आणि कारणे यांना, चार कृतीला आणि एक शेवटच्या मोजणीला द्यावा. उरलेला एक आठवडा हातचा ठेवावा, कारण तो कुठे तरी खर्च होतोच.

पहिली पायरी: कोण बोलते याची मोजणी

वर्गात उभे राहून शिकवणाऱ्याला कोण बोलते हे जाणवते, पण कोण बोलत नाही हे जाणवत नाही. गप्प बसलेला मुलगा नजरेत न भरणे हेच तर त्याच्या गप्प बसण्याचे लक्षण असते. म्हणून आसनव्यवस्थेचा नकाशा काढावा. एका कागदावर बाकांच्या रांगा आखाव्यात, प्रत्येक चौकटीत विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक लिहावा आणि त्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवाव्यात. पाठ चालू असताना मागच्या बाकावर बसलेल्या सहाध्यायी छात्राध्यापकाने ज्याने तोंड उघडले त्याच्या चौकटीत खूण करायची. आपल्या पाठाच्या वेळी त्याने बसायचे, त्याच्या पाठाच्या वेळी आपण बसायचे, असा साटेलोट्याचा व्यवहार सहज जमतो.

खुणा मात्र एकाच प्रकारच्या नसाव्यात. विद्यार्थी हात वर करून किंवा आपणहून बोलला, तर ‘स्व’ लिहावे. शिक्षकाने नाव घेऊन विचारल्यावर बोलला, तर ‘वि’ लिहावे. विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न विचारला, तर ‘प्र’ लिहावे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एकत्र मोजल्या, तर पुढे मोठी फसगत होते. ती कशी, ते नंतर येईल.

सामूहिक उत्तर हा आपल्याकडच्या वर्गातील खास प्रकार आहे. ‘समजलं का?’ म्हटले की ‘हो सर’ असा एका सुरात गजर होतो. ‘पाण्याचा उत्कलनांक किती?’ म्हटले की अर्धा वर्ग एकदम ‘शंभर’ म्हणतो. त्या गजरात कोणाचे ओठ हलले आणि कोणाचे नाही हे निरीक्षकाला कळणे शक्य नाही, म्हणून सामूहिक उत्तराची नोंद कागदाच्या कडेला वेगळी करावी आणि कोणाच्याही चौकटीत धरू नये. ही नोंद निरुपयोगी नसते. एका तासिकेत पंधरा सामूहिक उत्तरे आणि आठच वैयक्तिक उत्तरे आली, तर बोलण्याची संधीच मुळात किती कमी होती हे त्यातून दिसते.

अशी मोजणी किमान पाच तासिकांची असावी. एका तासिकेवरून कोणालाही अबोल ठरवू नये, कारण त्या दिवशी त्याला ताप असेल, घरी भांडण झाले असेल किंवा तो घटकच अवघड असेल. पहिल्या दिवशी मागे बसलेला नवा माणूस पाहून वर्ग थोडा सावध वागतो, तेव्हा त्या दिवशीच्या खुणा कराव्यात पण हिशेबात धरू नयेत.

आपल्या उदाहरणातील वर्गात ४४ विद्यार्थी आहेत आणि तासिका ३५ मिनिटांची आहे. ‘बल व दाब’ हा घटक चालू आहे. पाच तासिकांत वैयक्तिक उत्तरे ९६ आली. त्यांतील ५८ उत्तरे सहा विद्यार्थ्यांची आहेत. बावीस विद्यार्थ्यांनी मिळून ३८ उत्तरे दिली आणि उरलेल्या सोळा जणांच्या चौकटीत एकही खूण नाही. हजेरीपट पाहिल्यावर त्या सोळांतील दोघे पाचपैकी चार दिवस गैरहजर होते असे कळले. त्यांचा प्रश्न उपस्थितीचा आहे, सहभागाचा नाही, म्हणून ते वगळले. राहिले चौदा.

दुसरी पायरी: गप्प राहण्याची कारणे वेगळी करणे

या चौदा जणांना एकाच नावाने ओळखणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उत्तर माहीत असून न बोलणारा आणि उत्तर माहीत नसल्यामुळे न बोलणारा हे दोघे बाहेरून सारखेच दिसतात, पण दोघांना लागणारा उपाय एक नसतो. दुसऱ्याला बोलते करण्याचा कितीही प्रयत्न केला, तरी त्याच्याकडे बोलण्यासारखे काही नसते. त्याच्यासाठी उपचारात्मक अध्यापन लागते.

हे वेगळे करण्याची सोपी युक्ती म्हणजे तासिकेच्या शेवटी पाच मिनिटांची चिठ्ठी. त्याच तासिकेत तोंडी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि संपूर्ण वर्गाकडून लेखी उत्तरे घ्यावीत. संपूर्ण वर्गाकडून घ्यावीत, कारण फक्त चौदा जणांना चिठ्ठी दिली, तर मधल्या सुट्टीत त्यांची नावे शाळाभर होतील. असे दोन-तीन दिवस केल्यावर आपल्या वर्गातील चौदांपैकी आठ जण पाचपैकी चार किंवा पाच उत्तरे बरोबर लिहितात असे दिसले. सहा जणांना ती येत नाहीत.

त्या सहांतील एका मुलीच्या चिठ्ठीकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. फळ्यावरून उतरवलेले तिचे सगळे शुद्ध असते, पण तोंडी सांगितलेले वाक्य लिहिताना ‘दाब’च्या जागी ‘ताप’ आणि ‘बल’च्या जागी ‘मल’ असे येते. ती चौथ्या बाकावर बसते आणि प्रश्न विचारला की आधी शेजारणीच्या तोंडाकडे पाहते. इथे संशोधनाचा विषय शोधत बसू नये. वर्गशिक्षकांना सांगून तिला पुढच्या बाकावर आणावे, पालकांना कळवावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते, तेव्हा तिचे कान आवर्जून तपासून घ्यावेत. त्याचप्रमाणे एखादे मूल घरी भरभरून बोलते पण शाळेत महिनोन्‌महिने कोणाशीच, अगदी मैत्रिणीशीही, एक शब्द बोलत नसेल, तर ते बालमानसतज्ज्ञाचे क्षेत्र आहे. छात्राध्यापकाने त्याला आपल्या न्यादर्शात घेऊन बोलण्याची सक्ती करू नये.

आता उरलेल्या आठांशी एकेकट्याने बोलावे. ‘तू वर्गात का बोलत नाहीस?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याला ‘काही नाही’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा एका ठरावीक क्षणाबद्दल विचारावे: ‘काल दप्तराचा पट्टा रुंद का असतो असं मी विचारलं होतं. तू चिठ्ठीत बरोबर लिहिलंस. तेव्हा वर्गात काय झालं?’ आपल्या वर्गातील पाच जणांच्या बोलण्याचा आशय एकच होता: ‘मी उत्तर जुळवत होतो, तोवर दुसऱ्यानं सांगून टाकलं.’ दोघांनी सांगितले की उत्तर चुकले की मागच्या रांगेतली मुले हसतात. एक मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आमचं बोलणं वेगळं आहे ना, मॅडम.’ तिच्या घरी अहिराणी बोलतात.

हे ऐकल्यावर स्वतःकडेही एकदा पाहावे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एका तासिकेचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर करावे आणि घरी बसून, प्रश्न संपल्यापासून पहिले उत्तर येईपर्यंत किंवा आपणच पुन्हा बोलेपर्यंत किती सेकंद गेले, हे दहा प्रश्नांसाठी मोजावे. विज्ञान शिक्षणाच्या अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात हेच मोजले, तेव्हा शिक्षक सरासरी एखाद्या सेकंदापलीकडे थांबत नाहीत असे त्यांना आढळले. थांबण्याचा काळ तीन सेकंदांच्या वर नेला, की उत्तरे लांब होतात, अनुत्तरित प्रश्न कमी होतात आणि एरवी न बोलणारेही बोलू लागतात असे त्यांचे निष्कर्ष होते. आपल्या उदाहरणातील छात्राध्यापिकेच्या दहा प्रश्नांपैकी आठांना दीड सेकंदाच्या आत उत्तर आलेले होते, आणि ते सर्वांत जास्त बोलणाऱ्या त्याच सहा जणांपैकी कोणाचे तरी होते. पाच मुलांनी सांगितलेले कारण असे मोबाईलवर ऐकू आले.

तिसरी पायरी: कारणावरून विषय

आता विषय ठरवता येतो. एका कारणाला एक विषय आणि एका विषयाला एक कृती, एवढे पथ्य पाळले, तर अहवालाचा निम्मा गोंधळ होतच नाही. तीन उपक्रम एकदम घेतले आणि सहभाग वाढला, तर तो कशामुळे वाढला हे सांगता येत नाही. बहिःस्थ परीक्षक मौखिक परीक्षेत नेमके तेच विचारतात.

विचार करायला वेळ न मिळणे हे कारण असेल, तर प्रश्नानंतर ठरावीक वेळ थांबणे किंवा ‘विचार–जोडी–मांडणी’ यांपैकी एक कृती घेता येते. दुसऱ्या पद्धतीत विद्यार्थी आधी एकट्याने विचार करतो, मग शेजाऱ्याशी बोलतो आणि नंतर वर्गासमोर मांडतो. ही रचना फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. पुढील उदाहरणात तीच घेतली आहे.

हसण्याची भीती हे कारण असेल, तर कृती विद्यार्थ्यावर करायची नसते, शिक्षकाच्या प्रतिसादावर करायची असते. चुकीचे उत्तर आल्यावर शिक्षक ‘चूक, बस खाली’ म्हणतो, दुसऱ्याकडे वळतो, की उत्तरातील बरोबर भाग उचलून पुढचा प्रश्न करतो, याची नोंद आधी आणि नंतर करावी. विषयाचे विधान साधारण असे होईल: ‘इयत्ता सातवी अ मधील गणिताच्या तासिकेत चुकीच्या उत्तराला शिक्षकाने द्यावयाच्या प्रतिसादात बदल करून विद्यार्थ्यांच्या स्वयंस्फूर्त उत्तरांवर होणारा परिणाम अभ्यासणे.’ यात मोजायची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे चुकल्यानंतर तोच विद्यार्थी त्याच तासिकेत पुन्हा हात वर करतो का. हा विषय कमी जण घेतात, कारण त्यात स्वतःचेच बोलणे तपासावे लागते. मला मात्र तो या यादीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

घरची बोली वेगळी असणे हे कारण धुळे, नंदुरबार, पालघर, मेळघाट अशा भागांत एकट्या मुलीचे राहत नाही, अर्ध्या वर्गाचे असते. तिथे पहिले उत्तर अहिराणी, पावरी, वारली किंवा कोरकूत देण्याची मुभा देणे आणि मग तेच उत्तर सगळ्यांनी मिळून प्रमाण मराठीत फळ्यावर लिहिणे ही कृती घेता येते. मोजणी उत्तरांच्या संख्येबरोबर त्यांच्या लांबीचीही करावी. ‘हो’, ‘दाब’, ‘जास्त’ अशा एका शब्दाच्या उत्तरांची जागा पाच-सात शब्दांच्या वाक्याने घेतली, तर तो मोठा बदल आहे, जरी खुणांची संख्या तेवढीच राहिली तरी. शिक्षकाला ती बोली येत नसेल, तर भाषांतर वर्गातलीच मुले करतात. फक्त ते काम नेहमी एकाच हुशार मुलाकडे जाऊ नये.

नावाच्या चिठ्ठ्या काढून उत्तर विचारणे हा उपक्रम छात्राध्यापकांचा विशेष आवडता आहे, आणि आधी सांगितलेली फसगत इथेच होते. आपण चिठ्ठ्या काढू लागलो, की अबोल मुलांची उत्तरे वाढणारच, कारण आपणच त्यांना उठवत आहोत. ‘सहभाग ४० टक्क्यांनी वाढला’ असा निष्कर्ष तेव्हा मुलांबद्दल काहीच सांगत नाही, तो आपण किती चिठ्ठ्या काढल्या एवढेच सांगतो. हा विषय घ्यायचाच असेल, तर यश फक्त ‘स्व’ आणि ‘प्र’ खुणांवरून ठरवावे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विचारलेल्या प्रश्नांना ती मुले आपणहून हात वर करतात का, हे पाहावे.

जे विषय टाळावेत तेही थोडक्यात. ‘आत्मविश्वास वाढविणे’ हे सहा आठवड्यांत मोजता येत नाही. ‘अबोलपणाची कारणे शोधणे’ हे सर्वेक्षण झाले, त्यात कृती नाही. दोन शाळांची तुलना हे कृतिसंशोधनच नव्हे. कृतिसंशोधन आपल्या वर्गातील आपली अडचण सोडवण्यासाठी असते.

चौथी पायरी: आराखडा

आपल्या छात्राध्यापिकेने पाच जणांनी सांगितलेले कारण धरले आणि शीर्षक असे केले: ‘इयत्ता आठवी ब मधील, लेखी उत्तर येत असूनही विज्ञानाच्या तासिकेत तोंडी उत्तर न देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्वयंस्फूर्त सहभागावर विचार–जोडी–मांडणी उपक्रमाचा होणारा परिणाम अभ्यासणे.’ शीर्षक लांबले, पण त्यातील प्रत्येक शब्दाला काम आहे. इयत्ता, तुकडी, विषय, कोणते विद्यार्थी, नेमका कोणता सहभाग आणि कोणती कृती हे सगळे त्यातच ठरून जाते.

कार्यात्मक व्याख्या शब्दकोशातून घेऊ नयेत. इथे ‘स्वयंस्फूर्त सहभाग’ म्हणजे शिक्षकाने नाव न घेता विद्यार्थ्याने वर्गासमोर दिलेले वैयक्तिक उत्तर किंवा विचारलेला प्रश्न, म्हणजेच नकाशावरील ‘स्व’ आणि ‘प्र’ खुणा. ‘अबोल विद्यार्थी’ म्हणजे पाच तासिकांत अशी एकही खूण नसलेला, पण चिठ्ठीत पाचपैकी किमान चार उत्तरे बरोबर लिहिणारा विद्यार्थी. व्याख्या अशी केली की परक्या माणसालाही तीच आठ नावे मिळतील.

कृतिपरिकल्पना एका वाक्याची असावी: प्रत्येक तासिकेत तीन प्रश्नांसाठी विचार–जोडी–मांडणी वापरल्यास निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्वयंस्फूर्त उत्तरांत वाढ होईल. न्यादर्श आठच जणांचा असल्याने टक्केवारीचा मोह आवरावा. आठांतील एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. ‘साडेबारा टक्के सुधारणा’ असे लिहिले की एका मुलाचा हात वर झाला, ही साधी गोष्ट उगाच भारदस्त दिसते. महाविद्यालयाच्या नमुन्यात टी-चाचणी सक्तीची असेल, तर ती मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सांगण्याप्रमाणे करावी, पण तिच्याआधी प्रत्येक मुलाचा आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी द्यावा. वाचणाऱ्याला खरे चित्र तिथेच दिसते.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. अहवालात नावांऐवजी ‘वि-१’, ‘वि-२’ असे संकेत वापरावेत आणि कोणता संकेत कोणाचा हे लिहिलेला कागद शाळेत कोठेही राहू देऊ नये. वर्गाला ‘आपण आता जोडीने बोलण्याची पद्धत करून पाहणार आहोत’ एवढेच सांगावे. काही मुलांकडे खास लक्ष आहे, हे कोणालाही कळता कामा नये.

पाचवी पायरी: कृती, जशी घडते तशी

एका प्रश्नाचा क्रम असा ठेवला. प्रश्न विचारायचा आणि फळ्यावर लिहायचा, उदाहरणार्थ ‘खिळ्याचे टोक अणकुचीदार का असते?’ मग हात खाली ठेवून पाच सेकंद पूर्ण शांतता. नंतर अर्धा मिनिट वहीच्या कडेला दोन-तीन शब्द लिहायचे. मग एक मिनिट शेजाऱ्याशी बोलायचे. शेवटी ‘कोण सांगेल?’ एवढेच विचारायचे, नाव घ्यायचे नाही, आणि पहिला हात वर झाला तरी आणखी तीन सेकंद थांबून मग कोणाला तरी निवडायचे. अशा एका प्रश्नाला अडीच ते तीन मिनिटे लागतात, म्हणून ३५ मिनिटांत तीनपेक्षा जास्त प्रश्न घेऊ नयेत. घेतले, तर पाठ अर्धवट राहतो आणि विषयशिक्षक उपक्रम बंद करायला सांगतात.

प्रश्नाची निवडही महत्त्वाची आहे. ‘दाबाचे एकक कोणते?’ या प्रश्नावर एक मिनिट बोलण्यासारखे काही नसते. ‘पास्कल’ म्हटले की मुले क्रिकेटकडे वळतात. ‘का’, ‘कसे’, ‘तसे नसते तर काय झाले असते’ अशा प्रश्नांनाच हा वेळ द्यावा आणि ते प्रश्न पाठटाचणात आदल्या दिवशीच लिहून ठेवावेत, कारण फळ्यासमोर उभे राहून ऐनवेळी चांगला प्रश्न सुचत नाही.

पहिल्या आठवड्यात गडबड होते हे गृहीत धरावे. शांततेच्या पाच सेकंदांत ते सहा जण उत्तर ओरडून मोकळे होतात. त्यांना रागावण्यापेक्षा ते उत्तर बरोबर की चूक हे न सांगता फळ्याकडे वळून उरलेला वेळ पूर्ण करावा. आपण प्रतिसाद देत नाही हे लक्षात आले, की तीन-चार दिवसांत ओरडणे थांबते. सर्वांत अवघड जाते ते स्वतः गप्प राहणे. पाच सेकंद शिक्षकाला फार लांब वाटतात आणि तो न कळत प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारतो. तसे केले की मुलांचा चालू विचार तुटतो. हात मागे बांधून मनातल्या मनात एक ते पाच मोजावे, हा साधा उपाय उपयोगी पडतो.

दुसऱ्या आठवड्यात वेगळीच अडचण दिसली. निरीक्षकाच्या टिपणात असे होते: ‘तिसरा बाक, वि-४ शेजाऱ्याला हळू आवाजात बरोबर कारण सांगतो. शेजारी हात वर करतो आणि तेच कारण स्वतःचे म्हणून सांगतो. वि-४ वहीत रेघोट्या मारतो.’ म्हणजे जोडी झाली, पण अबोल मुलाचे उत्तर बोलक्या मुलाच्या तोंडून बाहेर पडले. यावर कृतीत बदल केला. जोडीत आधी खिडकीकडच्या बाजूला बसलेल्याने बोलायचे आणि वर्गासमोर मांडणी करणाऱ्याने ‘आमच्या बाकावर अमक्याचं म्हणणं असं आहे’ अशी सुरुवात करायची, असा नियम केला. बदल केल्याची तारीख आणि कारण रोजनिशीत लिहिले. अहवालात असे बदल लपवू नयेत. योजना, कृती, निरीक्षण, चिंतन आणि पुन्हा सुधारलेली योजना हे चक्र म्हणजेच कृतिसंशोधन, आणि त्याचे मूळ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे.

तीन मुले बसणाऱ्या बाकावर जोडी पडत नाही. तिथे तिघांचा गट चालतो, पण मधला मुलगा दोघांचा मध्यस्थ होतो आणि कडेचा सुटतो. अबोल मुलगा अशा बाकावर असेल, तर आसनव्यवस्था बदलताना त्याला सहज दोघांच्या बाकावर आणावे. त्या दिवशी दहा-बारा जणांच्या जागा बदलाव्यात, म्हणजे एकट्याकडे लक्ष जाणार नाही.

सहावी पायरी: पुन्हा मोजणी आणि तिचा अर्थ

चार आठवड्यांनंतर पुन्हा पाच तासिकांची मोजणी त्याच निरीक्षकाकडून, त्याच खुणांनी आणि शक्यतो तेवढ्याच अवघड घटकावर करावी. या वेळी एक गोष्ट वाढवावी. ‘स्व’ खूण उपक्रमातील प्रश्नाला आली असेल, तर तिच्याभोवती गोल करावा. एरवीच्या प्रश्नाला आली असेल, तर तशीच ठेवावी. हा गोल पुढे फार उपयोगी पडतो.

आपल्या वर्गात पाच तासिकांत वैयक्तिक उत्तरे १०४ आली. आठ जणांची आधी शून्य असलेली स्वयंस्फूर्त उत्तरे आता १४ झाली. विद्यार्थीनिहाय ती ४, ३, ३, २, १, १, ० आणि ० अशी आहेत. सर्वांत जास्त बोलणाऱ्या सहा जणांची उत्तरे ५८ वरून ४१ वर आली, म्हणजे आधी एकूण उत्तरांत त्यांचा वाटा सुमारे साठ टक्के होता, तो चाळीसच्या आसपास आला. एकूण उत्तरे फारशी वाढलेली नाहीत, पण ती वाटली गेली आहेत. सहभागाचे संशोधन एकूण बेरजेवर केले असते, तर हा बदल दिसलाच नसता.

आता गोल पाहू. चौदांपैकी अकरा खुणांभोवती गोल आहे आणि तीनच खुणा मोकळ्या आहेत. म्हणजे जोडीचा आणि वेळेचा आधार मिळाला की ही मुले बोलतात. तो आधार नसलेल्या प्रश्नांना ती अजून बहुधा गप्पच असतात. निष्कर्षात हेच लिहावे. ‘उपक्रम परिणामकारक ठरला’ हे वाक्य या आकड्यांतून पूर्णपणे निघत नाही.

शून्यावर राहिलेले दोघे कोण हेही पाहावे. एक अहिराणी बोलणारी मुलगी आहे आणि दुसरा, आपल्याला हसतात असे सांगणाऱ्या दोघांपैकी एक. कृती वेळ न मिळण्याच्या कारणावर होती, त्यामुळे हे स्वाभाविक आहे, पण हसण्याच्या भीतीने गप्प असलेला दुसरा मुलगा का बोलू लागला, याचे उत्तर निरीक्षकाच्या टिपणात मिळाले: ‘आमच्या बाकावर अमक्याचं म्हणणं’ अशी सुरुवात केल्यामुळे चुकलेले उत्तर एकट्याचे राहत नाही. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि अहवालातही तो अंदाज म्हणूनच यावा.

आकडे चढल्यावर स्वतःला दोन शंका विचाराव्यात. ही नव्या पद्धतीची नवलाई तर नाही? आणि निरीक्षकाला आठ नावे माहीत असल्यामुळे त्याचे कान त्यांच्याकडेच तर नव्हते? दुसऱ्या शंकेवर उपाय सोपा आहे: शेवटच्या मोजणीतील निदान दोन तासिका अशा सहाध्यायाकडून करून घ्याव्यात, ज्याला ती नावे सांगितलेलीच नाहीत, आणि दोघांच्या नकाशांतील खुणा ताडून पाहाव्यात. पहिल्या शंकेचे उत्तर लगेच मिळत नाही. त्यासाठी इंटर्नशिप संपताना विषयशिक्षकांना कोऱ्या नकाशाच्या तीन प्रती आणि खुणांचा अर्थ लिहिलेला कागद देऊन ठेवावा, तीन आठवड्यांनी तीन तासिकांची मोजणी करून देण्याची विनंती करावी, आणि ते आकडे अहवाल सादर करण्याच्या तारखेपूर्वी हाती आले, तर परिशिष्टात जोडावेत.